बसून मोजलेला श्वास

मला दम लागत नव्हता. एवढं साधं वाक्य, पण ते मी आजवर कोणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढेही नाही. दुसऱ्या लाटेतल्या न्यूमोनियातून उठल्यावर सुरुवातीचे काही महिने माझे खरोखर हाल झाले, त्यात खोटं काही नाही. पण पावसाळा सरता सरता माझा श्वास जागेवर आला. तो आला हे मी कोणाला कळू दिलं नाही. पुढे कितीतरी दिवस मी दम लागल्याचं सोंग करत राहिलो, आणि त्या सोंगाचा भार माझ्या थोरल्या भावाच्या छातीवर पडला.

आम्ही दोघे भाऊ. दादा चांदवडच्या पलीकडे मळ्यात राहतो, मी नाशकात इंदिरानगरला, सरकारी कचेरीत लिपिक. वडिलांना, म्हणजे आप्पांना, त्याआधी दोन वर्षं पक्षाघात झाला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. नजर मात्र शाबूत होती. आमच्याकडे आईबाप थकले की भावाभावांत पाळी लागते. दसरा ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, एकाकडे, आखाजी ते दसरा दुसऱ्याकडे. कोणी लिहून देत नाही, पण सगळ्या भावकीला ठाऊक असतं की आता म्हातारा कोणाकडे आहे.

त्या वर्षी चैत्रात चुलत्यांच्या दहाव्याला आम्ही दोघेही गेलो आणि दोघेही आजार घेऊन आलो. मी नाशकात भरती झालो, दादा तिकडे. मला दवाखान्यात तोंडावर मास्क लावून पालथं झोपवत. पालथं झोपलं की ऑक्सिजनचा आकडा चढे, उताणा झालो की उतरे. शेजारच्या खाटा रिकाम्या होत आणि भरत. मी त्याबद्दल फार लिहिणार नाही. आखाजीच्या सुमारास आम्ही दोघेही आपापल्या घरी होतो, जिवंत होतो, आणि दोघांनाही खाटेवरून मोरीपर्यंत जाता येत नव्हतं.

आप्पा दादाकडेच राहिले. माझी पाळी होती, पण त्या अवस्थेत ती कोण मागणार? भावकीनेच ठरवलं, धाकट्याची पाळी दसऱ्यापासून धरा.

त्या पहिल्या महिन्यांबद्दल मी खरं सांगतो. घरी आल्यावर मला वाटलं होतं आता आठवडाभरात उठून बसू. तसं होत नाही. बसल्या जागी बरं वाटायचं, पण डोक्यावरून अंघोळ केली की धाप. चपलेचा पट्टा लावायला वाकलो की धाप. फोनवर दोन वाक्यं सलग बोललो की तिसऱ्याला आवाज तुटायचा. एक दिवस जरा हुशारी वाटली म्हणून मी गॅलरीतल्या कुंड्या हलवल्या, तर पुढचे दोन दिवस अंथरुणात गेले. आणि दम लागला की भीती वाटायची, भीती वाटली की श्वास आणखी भरभर व्हायचा, वरवरचा व्हायचा, गळ्यातल्या गळ्यात. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर गेलेला एक माणूस डोळ्यांपुढे यायचा.

मुंबई नाक्याजवळच्या एका दवाखान्यात मला फिजिओथेरपीला पाठवलं. तिथली मुलगी तरुण होती, मला काका म्हणायची. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, "हा दम जाणार कधी?"

"काका, आठवड्यांत मोजू नका, महिन्यांत मोजा," ती म्हणाली. "एवढा मोठा न्यूमोनिया झाल्यावर तीन महिने, कधी सहा, काहींना त्याहून जास्त. रोज बरं वाटेल असंही नाही. दोन दिवस चांगले, एक दिवस वाईट. पण महिन्यामागे महिना बघितलं तर उतार दिसायला हवा. तो दिसला नाही तर मला सांगायचं."

"सोसायटीतले एक गृहस्थ म्हणतात कपालभाती करा, रोज पाचशे."

"त्यांना म्हणावं तुम्ही करा," ती हसली. "तुम्हाला आत्ता जोराचा श्वास नकोय, सावकाश हवाय."

मग तिने शिकवलं. नाकातून श्वास घ्यायचा, ओठ शिट्टी मारताना करतो तसे मिटत आणायचे आणि घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडायचा. "बशीतला चहा निवतो तशी फुंकर, चहा सांडता कामा नये," असं ती म्हणे. एक हात छातीवर, एक पोटावर ठेवून श्वास घ्यायचा. पोटावरचा हात हलला पाहिजे, छातीवरचा नाही. दम लागला तर घाबरून उभं राहायचं नाही, ओट्यावर किंवा टेबलावर कोपर टेकून पुढे झुकायचं, खांदे सैल सोडायचे. उठताना, जिना चढताना, काही उचलताना जोर लावायच्या वेळी श्वास सोडायचा, धरायचा नाही. अंघोळ स्टुलावर बसून. चालायचं इतपतच, की चालता चालता बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की थांबायचं. दमून थांबायचं नाही, दमायच्या आधी थांबायचं. यातलं शेवटचं मला सगळ्यात अवघड गेलं.

हे सगळं मी संध्याकाळी फोनवर दादाला सांगायचो. त्याला नाशकात येणं शक्य नव्हतं. आप्पांना टाकून निघणार कसा? तिथल्या डॉक्टरने एकदा छाती तपासून सांगितलं होतं, फुप्फुसाला वेळ लागतो, आराम करा. मग दादाचा दवाखाना म्हणजे मी. श्वासाच्या व्यायामाचं तीन गोट्यांचं यंत्र माझ्यासारखंच त्याच्याकडेही होतं, दवाखान्यातून दिलेलं. एकदा तो वैतागून म्हणाला, "ह्या गोट्या जागच्या हालत बी नाय रं. लय फुकतो मी, डोळे पांढरे व्हायची येळ येती."

"फुकतोस? अरे ते ओढायचं असतं! नळी तोंडात धरून आत ओढायचं, सावकाश."

पलीकडून वहिनींचा हसण्याचा आवाज. "महिनाभर शंख फुकल्यावाणी फुकत होते भाऊजी! पाहुणेरावळे बघून जात होते."

"मंग आधी सांगायचं ना," दादा म्हणाला, आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ चालली. मी फोन धरून होतो.

फोन ठेवण्याआधी आम्ही बोटाला लावायच्या यंत्राचा आकडा एकमेकांना सांगायचो. "तुझा किती?" "पंच्याण्णव. तुझा?" "शहाण्णव." लहानपणी गोट्या मोजायचो तसं. त्या संध्याकाळी मला आवडत होत्या हे मी कबूल करतो. लग्नं झाल्यापासून आम्ही भाऊ इतके कधी बोललो नव्हतो.

भाद्रपदात एके दिवशी मी भाजी घेऊन दोन मजले चढून आलो, दार उघडलं, आणि ओट्यावर पिशवी ठेवताना लक्षात आलं की मी वाटेत थांबलो नाही. छातीत काही नव्हतं. मी तसाच उभा राहून वाट पाहिली. काहीच आलं नाही.

त्याच आठवड्यात मी फिजिओथेरपीला गेलो. तिने मला दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात फेऱ्या मारायला लावल्या, माझ्याबरोबर घड्याळ घेऊन चालली, संपल्याबरोबर बोटाला यंत्र लावलं. अठ्ठ्याण्णव. ती खूश झाली. "काका, सुटलात. आता व्यायाम चालू ठेवा, पण पेशंट म्हणून माझ्याकडे यायची गरज नाही."

मला आनंद व्हायला हवा होता. मला सगळ्यात आधी दसरा आठवला.

का, हे मी बरीच वर्षं स्वतःला गोल गोल सांगत आलो. घर लहान, बायकोची पाठ दुखते, मुलाचं बारावीचं वर्ष. सगळं खरं, आणि त्यातलं कुठलंच कारण नव्हे. आप्पांना उचलायचं, पुसायचं, त्यांचं अंथरूण बदलायचं, आणि ते सगळं होत असताना त्यांची ती बोलकी नजर सोसायची, हे मला नको होतं. आणखी एक. आयुष्यात पहिल्यांदा लोक मला विचारत होते, कसा आहेस? कचेरीत माझ्या टेबलावर कोणी फायलींचा गठ्ठा टाकत नव्हतं. आजारी माणसाकडून कोणी काही अपेक्षा करत नाही. त्या सावलीत मला बसून राहायचं होतं.

निघताना ती म्हणाली, "तुमचे भाऊ कसे आहेत?"

"आहे तसाच. दम जात नाही म्हणतो. पण आकडा चांगला येतो. पंच्याण्णव."

"बसून की चालून?"

"बसून."

ती थांबली. "काका, बसून मोजलेलं अर्धंच कळतं. फुप्फुसात वण राहिले असतील तर माणूस बसला की यंत्र चांगलं दाखवतं आणि चालला की घसरतं. त्यांना म्हणावं सपाट अंगणात पाच-सहा मिनिटं चाला आणि थांबल्याबरोबर लावा. तीन-चारने उतरलं, किंवा नव्वदीच्या काठावर आलं, तर मग व्यायाम करत बसू नका, छातीच्या डॉक्टरकडे जा. इतके महिने झाले, दम कमी व्हायचा सोडून तसाच आहे म्हणता, तर असंही एकदा दाखवायलाच हवं. आणि बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं, ओठ निळे पडले किंवा एकच पाय सुजला, तर वाटच बघायची नाही."

"सांगतो," मी म्हणालो.

संध्याकाळी दादाचा फोन आला. तो म्हणाला, "काय रं, दम बसला का तुझा?"

आणि मी तोंडाने श्वास घेतला. एक छोटा, मग लगेच दुसरा. वाक्य मध्ये तोडलं. "नाही ना... दादा... जिना चढलो की..." मला ते करायचं नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला ते जमतं हे त्याआधी माहीत नव्हतं, एवढंच. इतके महिने स्वतःच्या छातीतून ऐकलेला आवाज होता, तो मला तोंडपाठ झाला होता.

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे, बोलू नको," दादा घाईने म्हणाला. "आप्पाची काळजी नको करू. दसऱ्याचं काय घेऊन बसलास? तू बरा झालास की मंग बघू."

चालून मोजायचं मी त्याला सांगितलं नाही. कारण मला पुढचं संभाषण दिसत होतं. तो चालणार, मोजणार, आणि म्हणणार, आता तू पण चाल, तुझा किती येतो? खोटा आकडा सांगता आला असता. पण खोटा, पडलेला आकडा सांगितला असता तर तो म्हणाला असता, चल, दोघं मिळून मोठ्या डॉक्टरकडे जाऊ. आणि तिथे माझं सोंग उघडं पडलं असतं. म्हणून मी बाकी सगळं सांगत राहिलो. फुंकर, पोटावरचा हात, झुकून उभं राहणं. ती एक गोष्ट सोडून.

मी शिकवलेलं तो मन लावून करायचा. एकदा वहिनी कौतुकाने म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही सांगितल्यापासून आप्पांना खुर्चीत घेताना ते फूं करून श्वास सोडतात. आता थोडं जमतंय म्हणतात." मी सांगितलं होतं ते बरोबरच होतं. उचलताना श्वास धरू नये. पण ज्याने मुळात उचलायलाच नको होतं, त्याला मी नीट उचलायचं तंत्र पुरवत होतो.

दसरा गेला. दिवाळीत आम्ही चांदवडला गेलो. फाटकापासून घरापर्यंतच्या बांधावर मी मुद्दाम दोनदा थांबलो, गुडघ्यांवर हात टेकले. मुलगा माझ्या हातातली पिशवी घ्यायला धावला. ओट्यावर दादा बसला होता. तो मला घ्यायला उठला, चार पावलं आला आणि कांदाचाळीच्या खांबाला कोपर टेकून पुढे झुकला. मीच शिकवलं होतं तसा. दोघे भाऊ, दोन ठिकाणी झुकलेले. भावकीतला एक जण ओरडला, "आरं, दोघांची शर्यत लागली का काय कुत्र्यावाणी धापायची!" सगळे हसले. दादाही हसला. त्याच्या ओठांचा रंग मी पाहिला. उन्हामुळे असेल, असं मी मनाशी म्हटलं.

त्या दिवशी जेवताना आणखी एक घडलं. भावकीतली एक म्हातारी दादाला म्हणाली, "आता पुरे की रं. धाकला तर असाच करतो म्हणे सहा महिने. त्याचे रिपोट बी चांगले हायेत. मनाचंच असतं हे." माझे रिपोर्ट चांगले असल्याचं बायकोने कुठेतरी बोलून दाखवलं होतं. मग लोकांनी दोन्ही भावांना एकाच मापाने मोजलं. माझ्यात खोट दिसली ती त्यांनी दादालाही लावली. दादा ताटाकडे बघत राहिला. पुढे तो दम लागल्याचं बोलायचाच कमी झाला.

मार्गशीर्षात वहिनींचा फोन आला. सकाळची वेळ, मी कचेरीत होतो.

"भाऊजी, ह्यांना बोलता येईना. आप्पांना खुर्चीवर घेत होते, तसेच खाली बसले. ओठ काळे पडल्यात. फूं करा, फूं करा म्हणते, पण जमंना त्यांना."

यंत्र लावा, मी म्हणालो. पलीकडे धडपड झाली. आकडा ऐंशीच्या घरात होता. मी तिकडे रुग्णवाहिका बोलावली, दादाला चांदवडहून नाशकात आणायचं ठरलं. नाशकाच्या वेशीवर मी आडगावापाशी उभा होतो, त्यांची गाडी आली तशी आत बसलो. दादाच्या तोंडावर मास्क होता. त्याने माझा हात धरला आणि मास्कच्या आतून म्हणाला, "तू... कशाला... पळत आलास?"

छातीच्या डॉक्टरांनी स्कॅन काढला. दोन्ही फुप्फुसांच्या खालच्या भागात आजाराने मागे ठेवलेली सूज आणि वण. मी त्यांना बाहेर गाठून विचारलं, हे उचलण्यामुळे झालं का? ते म्हणाले, "नाही. वण आजाराने केले, कामाने नाही. पण चालल्यावर ऑक्सिजन पडतोय हे आधी कळलं असतं तर औषध आधी सुरू झालं असतं. सुजेवर औषध चालतं, जुन्या वणावर फारसं नाही. किती फरक पडला असता ते मात्र मी सांगू शकणार नाही. कोणीच सांगू शकणार नाही."

ते शेवटचं वाक्य डॉक्टरांनी मला धीर देण्यासाठी म्हटलं असावं. तेव्हापासून ते माझ्याबरोबर राहतं आहे.

त्याच आठवड्यात आप्पा माझ्याकडे आले. दुसरा मजला, लिफ्ट नाही. खुर्चीत बसवून चौघांनी वर आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या बगलेखाली हात घातले, श्वास सोडत उचललं, खुर्चीत ठेवलं. मला दम लागला नाही. घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी सोंगही केलं नाही. सरळ उभा राहिलो, तर आप्पा माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडाकडे नाही, छातीकडे. दादाची छाती त्यांनी इतके महिने जवळून पाहिली होती, त्यांच्या कानाशी ती वाजत होती. त्यांना फरक कळला. वाचा असती तर ते काय बोलले असते मला माहीत नाही. पुढचं वर्षभर, ते गेले तोवर, रोज सकाळी तेच. मी उचलायचो आणि ते माझ्या छातीकडे बघायचे.

औषध सुरू झाल्यावर दादाही आमच्याकडे राहायला आला, श्वासाचे व्यायाम दवाखान्यात नीट करता यावेत म्हणून. ऑक्सिजनचं यंत्र बैठकीच्या खोलीत घरघरत असायचं. जिन्याच्या वळणावर शेजाऱ्यांनी प्लास्टिकची खुर्ची ठेवून दिली. दादा चार पायऱ्या चढायचा, थांबायचा, फुंकर घालायचा, परत चार. मी मागे, ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन. जिन्यात त्याचा श्वास घुमायचा. तो आवाज मी ओळखायचो. मीच तो महिनोन्महिने त्याला फोनवर ऐकवला होता. आताही एकटा जिना चढताना मला तो मागून ऐकू येतो. मी थांबलो की थांबतो.

येणारे-जाणारे माझं कौतुक करायचे. दादा सगळ्यांना सांगायचा, "ह्याला सोताला दम, तरी आप्पाला उचलतो, मला चढवतो. असा भाऊ नाय मिळायचा." बायको अशा वेळी आत निघून जायची. तिला कळलं होतं की नाही, मी विचारलेलं नाही.

फिजिओथेरपीची मुलगी तीच होती. पहिल्या दिवशी तिने दादाला तपासलं, मग माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, "काका, चालून मोजायचं सांगितलं होतं ना तुम्ही?"

"राहूनच गेलं," मी म्हणालो.

ती कामाला लागली. तिने दादाला नळी लावून चालवलं, मधे बसवलं, पुन्हा चालवलं. बसून उठण्याचा व्यायाम, हाताला हलके डंबेल. ती त्याच्याशी चेष्टा करायची, "दादा, आज कांदे काढणीला जायचंय की काय, एवढी घाई?" आठवड्यांमागून आठवडे गेले. चालल्यावरचा आकडा हळूहळू वर सरकला. आणि एका सकाळी व्हरांड्यातल्या फेऱ्या दादाने नळीशिवाय पुऱ्या केल्या. यंत्राने ब्याण्णव दाखवलं आणि ते खाली गेलं नाही. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो तिला म्हणाला, "ताई, आता ह्याचं पण बघा. ह्याचा दम माझ्याइतकाच जुना हाय. माझ्यापायी ह्यानं सोताकडं बघितलं नाय."

मी नको नको म्हणालो. ती माझ्याकडे बघत होती. तिने माझा हात धरला नाही, आग्रह केला नाही. "तुमची मर्जी, काका," एवढंच.

"चाल रं, घाबरतो काय?" दादा म्हणाला. "मी हाय ना."

मी चाललो. व्हरांड्याच्या त्या टोकापर्यंत आणि परत. दादा खुर्चीतून सांगत होता, "फूं कर, फूं. खांदे सैल सोड." मला मधेच थांबून झुकता आलं असतं, मला ते करता येतं. मी केलं नाही. परत आलो, बोट पुढे केलं. अठ्ठ्याण्णव.

दादाने वाकून आकडा पाहिला. मग त्याने माझ्या पाठीवर जोरात थाप मारली, व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. "आरं, तू तर बरा झालास की! अठ्ठ्याण्णव! सांगितलं नाय कधी? कधीपासून रं?"

ती मुलगी यंत्र पुसत होती. तिचा हात थांबला.

"आत्ताच," मी म्हणालो. "थोडे दिवस झाले."

तिने यंत्र खिशात ठेवलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दादा आता मळ्यात असतो. सपाटीवर तो बऱ्यापैकी चालतो, पण कांद्याची गोणी त्याला उचलता येत नाही, आणि थंडीत बोलता बोलता वाक्य मधेच टाकून देतो. ते बहुधा असंच राहील, डॉक्टर म्हणतात. गावात कोणाला न्यूमोनिया झाला की लोक त्याच्याकडे येतात. तो त्यांना अंगणात चालायला लावतो आणि थांबल्याबरोबर बोटाला यंत्र लावतो. "बसून काय मोजता," म्हणतो. आणि मग सांगतो की हे सगळं माझ्या धाकट्या भावाने मला शिकवलं.

मी त्याला काय देणं लागतो ते मला ठाऊक आहे. कधीपासून, असं त्याने विचारलं होतं. त्याचं उत्तर भाद्रपद असं आहे, आणि ते मी त्याच्यासमोर बसून, त्याच्या तोंडाकडे बघत, अजून दिलेलं नाही.